आधी शिजव, मग भाज

मराठी मनाला ‘रान’ म्हटले की झाडी, पायवाट आणि पाखरे आठवतात. पण आमच्यासारखी जी घराणी पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात नांदली, त्यांच्या कानाला या शब्दाचा दुसराही अर्थ तितकाच ओळखीचा आहे. इंदूरच्या खाटकाकडे जाऊन ‘रान द्या’ म्हटले की तो बोकडाची किंवा मेंढ्याची अखंड मागची मांडी काढून पुढ्यात ठेवतो. या दुसऱ्या रानात आम्ही एकदा वाट चुकलो होतो. ती वाट सापडायला पुढे बरीच वर्षे लागली, त्याची ही हकिगत.

२००९ साली आमच्या वडिलांचे, म्हणजे आबांचे सहस्रचंद्रदर्शन झाले. धार्मिक विधी आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी घरच्यांपुरते सामिष जेवण करण्याचे ठरले आणि रान भाजण्याची कामगिरी आम्ही हौसेने अंगावर घेतली. आबा स्वतः या विद्येत निष्णात होते. शेतावर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी रांधलेली रान आम्ही लहानपणी खाल्ली होती. आता वयामुळे त्यांच्याने ते होईना, आणि आमच्याकडे नवा विजेचा ओव्हन आलेला. सकाळी आबा स्वयंपाकघराच्या दाराशी आले, ओव्हनकडे एकवार पाहिले आणि एवढेच म्हणाले, “आधी शिजव, मग भाज.”

आम्हांला वाटले, मांस उकडून घे असे ते सुचवीत आहेत. उकडलेले मांस ओव्हनमध्ये घालणे आम्हांला अगदीच कमीपणाचे वाटले. आम्ही मांडीला सुरीने खोल चिरा दिल्या, दही-मसाला चोपडला आणि दोनशे अंशांवर पावणेदोन तास ती भाजली. बाहेरून रंग असा सुरेख आला की पाहणाऱ्यांनी वाहवा केली. सुरी चालवली तेव्हा मात्र सारे उघडे पडले. वरचा बोटभर जाडीचा थर लाकडाच्या भुशासारखा कोरडा. त्याच्या आत चार घास बरे. आणि हाडाजवळ चक्क कच्चे, लालभडक मांस. आबांनी एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चघळला आणि ताटाच्या कडेला ठेवला. मग आमच्या सौभाग्यवतींकडे वळून अगदी मृदू स्वरात विचारले, “सूनबाई, पिठले आहे का गं थोडे?”

कोणी हसले नाही. पुढल्या थंडीत आबा गेले. त्यानंतर कित्येक वर्षे आमच्या घरात रान शिजली नाही.

ते पिठले आमच्या मनातून गेले नाही, आणि आबांचे वाक्यही गेले नाही. मराठीत शिजवणे आणि भाजणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत, हे आम्हांला शाळेपासून ठाऊक होते. पण ती दोन वेगळी कामे आहेत, हे कळायला फार उशीर झाला. मांसाचा आतला भाग शिजायला साठ-पासष्ट अंशांची उष्णता पुरते. बाहेरचा खमंग तांबूसपणा यायला मात्र पृष्ठभाग सव्वाशे-दीडशे अंशांच्या घरात जावा लागतो. हाताएवढ्या तुकड्याला ही दोन्ही कामे एकाच आचेवर उरकता येतात. दोन किलोच्या मांडीला तसे करता येत नाही, कारण उष्णता मांसातून फार सावकाश आत सरकते. जाडी दुप्पट झाली तर ती मध्यापर्यंत पोहोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. ओव्हन दोनशे अंशांवर असेल, तर मध्य साठावर येईपर्यंत बाहेरचा थर ऐंशी-नव्वदीच्या पुढे गेलेला असतो. मांसाचे तंतू पासष्टाच्या पुढे आवळू लागतात आणि ओले फडके पिळावे तसा आपला रस बाहेर टाकतात. आमचा बोटभर कोरडा थर म्हणजे हेच पिळून निघालेले मांस होते. आणि ते वाळून गेले तरी हाडाजवळ उष्णता पोहोचलीच नव्हती.

यावर उपाय म्हणून कित्येक जण सुरुवातीला मोठ्या आचेवर मांस परतून घेतात, म्हणजे वरची ‘कवाडे बंद’ होऊन रस आत कोंडला जातो, असे सांगतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ साली अन्नाच्या रसायनावरील ग्रंथात ही कल्पना मांडली आणि ती जगभर रुजली. पण ती खरी नाही. परतलेल्या मांसातूनही रस गळतच राहतो. भांड्यात उठणारा चरचराट हा त्या रसाचाच आवाज असतो. परतण्याने चव आणि रंग येतो, रस कोंडला जात नाही. तेव्हा परतणे आधीच केले पाहिजे, अशी सक्ती कुठेच उरत नाही. ते शेवटी केले तरी चालते, किंबहुना शेवटी केलेलेच बरे.

मंद आचेची गोष्टही जुनीच आहे. म्युनिकमध्ये असताना काउंट रम्फर्ड, म्हणजे मूळचे अमेरिकेतील बेंजामिन थॉम्पसन (१७५३–१८१४), यांनी बटाटे वाळवण्यासाठी केलेल्या यंत्रात मेंढीचा खांदा ठेवून पाहिला. तीन तासांनी पाहावे तो मांस शिजलेले नव्हते. प्रयोग फसला असे समजून त्यांनी तो सोडून दिला, पण मांस रात्रभर आतच राहिले आणि सकाळी उत्तम शिजलेले, चवदार असे निघाले. वर तांबूसपणा मात्र आला नव्हता. पुढे १९६९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये निकोलस कुर्टी या भौतिकशास्त्रज्ञाने हाच धागा उचलला. दोन किलो कोकराचे मांस ऐंशी अंशांच्या ओव्हनमध्ये साडेआठ तास ठेवले, तेव्हा ते आतबाहेर सारखेच, पंचाहत्तर अंशांच्या आसपास आले आणि तरीही मऊ व रसाळ राहिले. ओव्हनचे तापमान आणि मांसाचे हवे असलेले तापमान यांत जितके अंतर कमी, तितका शिजण्यातला फरकही कमी, असे हे सरळ तत्त्व आहे. रम्फर्डच्या रात्रीत उणीव होती ती फक्त अखेरच्या भडक आचेची.

हे सारे वाचून आम्ही शहाणे झालो खरे, पण हात धजावत नव्हता. गेल्या पौषात थोरल्या दादांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. ते ग्वाल्हेरीस असतात. फोनवर म्हणाले, “येतो रे, पण जेवायला काय करणार आहेस?” आम्ही ‘रान’ म्हटले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग दादा म्हणाले, “बरं. वहिनीला म्हणावं, पिठल्याची तयारी ठेव.” म्हणजे तेही काही विसरले नव्हते!

यावेळी आम्ही आठ दिवस आधीपासून कामाला लागलो. खाटकाला सांगून वर्षाच्या आतल्या मेंढ्याची मांडी मिळविली. वरचे जाड पडदे काढून ती १ किलो ९०० ग्रॅम भरली. वयाचा आग्रह अकारण नव्हता. जून बोकडाच्या मांडीत चिवट संयोजी ऊती फार असतात आणि त्या विरघळायला मांस ऐंशी-नव्वद अंशांवर कित्येक तास, तेही झाकून आणि ओलाव्यात ठेवावे लागते. तो मार्ग वेगळा. येथे सांगतो ती रीत कोवळ्या जनावराचीच आहे. शिवाय आपल्याकडे मांस ताजे, म्हणजे त्याच सकाळी कापलेले मिळते. ते थोड्याच तासांत ताठरते, आणि त्या अवस्थेत शिजविले तर कितीही मंद आच द्या, चिवटच राहते. म्हणून मांडी दोन दिवस फ्रिजमध्ये राहू दिली. पहिल्या संध्याकाळी वीस ग्रॅम मीठ, म्हणजे तीन सपाट चहाचे चमचे आणि वर थोडे, सर्व बाजूंनी चोळून ती जाळीवर उघडीच ठेवली. मीठ हळूहळू आत मुरते आणि वरचा पृष्ठभाग कोरडा होतो. हा कोरडेपणा शेवटी फार उपयोगी पडतो, कारण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो शंभर अंशांच्या वर जात नाही आणि तांबूस होत नाही. २००९ सालच्या दह्याच्या लेपाने आमचा घात केला होता तो असाही.

खोल चिराही यावेळी दिल्या नाहीत. अखंड मांसात जंतू असतात ते मुख्यतः वरच्या बाजूला, आणि तेथे उष्णता भरपूर लागते. चिरा दिल्या, की आपणच त्यांना आत नेऊन सोडतो. मग मध्यापर्यंत सत्तरीच्या वर तापविल्यावाचून निर्धास्त राहता येत नाही. गुंडाळलेल्या, भरलेल्या किंवा टोचलेल्या मांसाला म्हणून ही रीत लावू नये.

खरी अडचण निघाली ती ओव्हनची. त्याची खूण एकशे दहावर ठेवून आत वेगळा तापमापक टांगला, तर काटा पंचाण्णव आणि एकशे पस्तीस यांच्यामध्ये हेलकावे खाताना दिसला. दोनशे अंशांवर चार-दहा अंशांची चूक खपून जाते, पण मंद आचेवर तिनेच तासाचा फरक पडतो. एक दिवस रिकामा ओव्हन तापवून आम्ही खूण सरकवीत राहिलो आणि सरासरी एकशे दहावर येईल अशी जागा पेन्सिलीने आखून ठेविली. मांसात खुपसायचा तापमापकही पारखून घेतला. कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात त्याने शून्य दाखविले आणि उकळत्या पाण्यात अठ्ठ्याण्णव. दोन अंशांची ही तूट पाहून आम्ही दचकलो. मग ध्यानात आले, की इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर आहे आणि येथे पाणी अठ्ठ्याण्णवालाच उकळते. तापमापक बिचारा खरेच बोलत होता.

तो दिवस उजाडला. दादांची गाडी सहाला येणार आणि आठाला पाने मांडायची, असा बेत होता. दुपारी तीनला मांडी जाळीवर ठेवून, खाली रस टिपायला ट्रे सरकवून, फक्त खालची तार चालू करून ओव्हनमध्ये ठेविली. नळीच्या हाडाकडचे निमुळते टोक लवकर शिजते, म्हणून तेवढ्यालाच फॉइल गुंडाळली. तापमापकाचे टोक सर्वांत जाड भागाच्या मध्यात, हाडाला न टेकेल असे बसविले. हाडाला टेकले तर तो मांसाचे नव्हे, हाडाचे तापमान सांगतो आणि आपण फसतो.

प्रारंभी मध्य आठ अंशांवर होता. साडेचारला अडतीस झाला. साडेपाचला बावन्न. आमचा धीर सुटू लागला, कारण पहिल्या दीड तासात तीस अंश चढलेला काटा पुढच्या तासात चौदाच चढला होता. पण हे असेच व्हायचे. मांस तापत जाते तसे त्याचे आणि ओव्हनचे अंतर घटते, आणि वरून उडणारी वाफही पृष्ठभागाला थंड ठेवीत असते. या वेळी खूण वाढविण्याचा मोह होतो. तो आवरला नाही, तर आजवरची सारी मेहनत वाया जाते. सौभाग्यवतींनी आम्हांला अक्षरशः हात धरून स्वयंपाकघराबाहेर काढले. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी काटा बासष्टावर आला आणि आम्ही मांडी बाहेर काढली.

तिचे ते रूप पाहून आमची सून म्हणाली, “बाबा, ही आजारी दिसतेय.” खोटे नव्हते. फिकट, राखाडी, अंग चोरून बसलेली अशी ती मांडी होती. याच क्षणी माणसाला वाटते की काहीतरी चुकले. पण तापमापकाने चौसष्टापर्यंत मजल मारली, तेथे काही मिनिटे स्थिरावला आणि मग सावकाश उतरू लागला. अखंड मांसासाठी त्रेसष्ट अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती अमेरिकेच्या कृषिखात्याने पुरेशी ठरविली आहे. आमचे त्याहून थोडे अधिकच झाले. मोठ्या आचेवर भाजलेली मांडी बाहेर काढल्यावरही पाच-सात अंश चढते, कारण तिच्या वरच्या थरात उष्णता साठलेली असते. येथे तो साठा नव्हताच, म्हणून काटा दोनच अंश चढला. आत-बाहेर सारखे शिजल्याची ही पहिली साक्ष होती, सुरी लावण्याआधीच मिळालेली.

तेवढ्यात दादांचा फोन आला, गाडी तासभर उशिरा. पूर्वी असे झाले असते तर आमच्या तोंडचे पाणी पळाले असते. या रीतीत मात्र मधली विश्रांती लांबली तरी बिघडत नाही, तासाभरापर्यंत तरी नाही. सैलशी फॉइल टाकून मांडी ओट्यावर उबेला ठेवली. या विश्रांतीचे आणखी एक काम असते. पृष्ठभाग थोडा निवतो, आणि त्यामुळे नंतरची तीव्र आच आतपर्यंत पोहोचायच्या आत बाहेरचे काम संपते.

दादा आले, हातपाय धुऊन बसले. इकडे ओव्हन दोन्ही तारांवर अडीचशेला तापवून ठेविला होता. मांडीवर जमलेला ओलावा फडक्याने टिपला, पातळ तुपाचा हात फिरविला आणि आत सरकविली. मसाला अजून लावला नव्हता, कारण एवढ्या आचेवर तो जळून कडू होतो. आठव्या मिनिटाला तूप तडतडू लागले, दहाव्याला कडा सोनेरी झाल्या आणि बाराव्या मिनिटाला ती मघाची आजारी मांडी ओळखू येईना. बाहेर काढल्या काढल्या भाजलेल्या धन्या-जिऱ्याची, मिऱ्याची आणि वेलचीची पूड तुपात कालवून वरून लावली. मांडीच्याच उष्णतेने तिचा वास घरभर दरवळला. वजन केले तर १ किलो ५६० ग्रॅम भरले. शेकडा अठरा घट झाली होती. मोठ्या आचेवर ती याहून बरीच अधिक होते.

सुरी आम्ही दादांच्याच हाती दिली. त्यांनी आडवा छेद घेतला. काठावर पावलीच्या जाडीची तांबूस किनार आणि तिच्या आत हाडापर्यंत एकच रंग, फिकट गुलाबीकडे किंचित झुकणारा. दादा थोडे वाकून पाहत राहिले. “हे कच्चे नाही ना रे?” त्यांनी विचारले. आम्ही तापमापक पुढे केला. कच्चे मांस लिबलिबीत, चकचकीत आणि गडद दिसते. हे घट्ट होते, तंतू सुटे दिसत होते आणि पाझरणारा रस स्वच्छ होता. तरीही ज्यांना गुलाबी छटा रुचत नाही, त्यांच्यासाठी नळीकडचा भाग होता. तो अधिक शिजलेला असतो आणि आमच्या सूनबाईंनी तोच पसंत केला.

दादांनी पहिला घास खाल्ला, आणि काही न बोलता दुसरा. त्यांना कवळी आहे, तेव्हा आमचे सारे लक्ष त्यांच्या जबड्याकडे होते. मग ते आठवल्यासारखे म्हणाले, “आबा खड्ड्यात निखारे घालायचे, ते आठवतं तुला? पळसाच्या पानांत मांडी गुंडाळून रात्रभर मातीखाली ठेवायचे. सकाळी उकरून काढली की अशीच फिकी निघायची. मग पेटत्या कोळशांवर तूप सोडत सोडत परतायचे. तू लहान होतास, तू फक्त कोळशांवरची पाहिलीस. रात्रीची कुठून पाहणार? झोपलेला असायचास.”

आमचा हातातला घास हातातच राहिला. आबांच्या खड्ड्यातली मांडी हाडापासून सुटेपर्यंत शिजे. आमची ही तशी नव्हे, ही कापून खायची. तरी क्रम तोच होता. रात्रभराची मंद आच म्हणजे शिजवणे, आणि सकाळचे निखारे म्हणजे भाजणे. स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून त्यांनी चार शब्दांत सगळे सांगितले होते, आणि आम्ही त्यात उकळते पाणी ऐकले होते.

“पिठले गरम करू का, भाऊजी?” सौभाग्यवतींनी विचारले. त्यांनी ते खरोखरच करून ठेविले होते.

“राहू दे, वहिनी,” दादा म्हणाले, आणि ताट आमच्यापुढे सरकविले. “मला तो हाडाजवळचा तुकडा दे.”